पदवीदान १६ जुलैला आणि पूर जुलैभर

आस्थापना शाखेत आयुष्य गेलेल्या माणसाच्या हातून रजेचे अर्ज बरेच गेलेले असतात. लग्न, आजारपण, बाळंतपण, वास्तुशांत ही कारणं साहेबांना सांगावी लागत नाहीत, ती त्यांना ठाऊक असतात. अलीकडे मात्र एक नवं कारण वारंवार दिसायला लागलं आहे. मुलगी किंवा मुलगा परदेशात शिकला, त्याचा पदवीदान समारंभ आहे, आईवडिलांना बोलावलं आहे आणि जातोच आहोत तर तिथल्या नातेवाइकांकडे चार दिवस राहून यायचं आहे. कारण खरं असतं. पण अर्जात ते इतकं मोघम उतरतं की मंजूर करणाऱ्याच्या हातात काहीच पडत नाही. ‘खाजगी कामानिमित्त परदेशी जावयाचे असल्याने पंधरा दिवसांची रजा मिळावी’ एवढ्यावर कोणता अधिकारी सही करेल?

हे नीट समजण्यासाठी एक अवघड उदाहरण घेऊ, कारण सोप्या उदाहरणात सगळंच जमतं. समजा, सांगली जिल्ह्यात जलसंपदा विभागात एक शाखा अभियंता आहेत. मुलीने इंग्लंडमध्ये एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम केला. तो सप्टेंबरात संपला, निकालही लागला. तिथे असे समारंभ बहुतेक हिवाळ्यात, नाहीतर पुढच्या जुलैत होतात. मुलीची तारीख आली गुरुवार, १६ जुलै. अभियंत्यांचा भाऊ मँचेस्टरला राहतो, तिथेही जायचं आहे. आणि जुलै म्हणजे पूरनियंत्रण कक्षाच्या पाळ्यांचा महिना. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी सांगली-कोल्हापुरात काढला आहे, त्यांना कृष्णेची पातळी चढत असताना एक माणूस कमी असणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. कार्यकारी अभियंत्यांचं पहिलं उत्तर ‘या महिन्यात नको’ असंच असणार, आणि त्यात त्यांची चूकही नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे रजा हक्क म्हणून मागता येत नाही. शिल्लक कितीही असली तरी कार्यालयीन गरजेपोटी ती नाकारता येते.

म्हणून अर्जात पहिली गोष्ट करायची ती दोन कारणं वेगळी करण्याची. समारंभाची तारीख विद्यापीठ ठरवतं, ती हलत नाही. भावाकडचा मुक्काम हलू शकतो. अनेकजण संकोचापोटी भावाचा उल्लेखच करत नाहीत, सगळे दिवस समारंभाच्या नावावर टाकतात. मग साहेब विचारतात की दीड-दोन तासांच्या कार्यक्रमाला दोन आठवडे कशाला, आणि उत्तर देताना तोंडघशी पडायला होतं. खरं ते लिहिलं की वाटाघाटीला जागा राहते. विहित नमुन्यात कारणासाठी जेमतेम एक ओळ असते. त्यामुळे सोबत एक साधं पत्र जोडावं. त्यातला मजकूर असा असू शकतो:

‘माझ्या मुलीचा पदवीदान समारंभ गुरुवार, दि. १६ जुलै रोजी इंग्लंडमधील तिच्या विद्यापीठात आहे. ही तारीख विद्यापीठाने निश्चित केलेली असून त्याबाबतचे पत्र सोबत जोडले आहे. समारंभानंतर मँचेस्टर येथे माझ्या भावाच्या कुटुंबाकडे २३ जुलैपर्यंत मुक्काम करण्याचा मानस आहे. समारंभास उपस्थित राहण्याची अनुमती मिळावी ही विनंती. त्यानंतरचे दिवस कार्यालयाच्या गरजेनुसार कमी करावयाचे झाल्यास माझी हरकत नाही.’

शेवटचं वाक्य मनापासून लिहायचं असेल तरच लिहावं. पण ते लिहिलं की साहेबांपुढचा प्रश्न बदलतो. रजा द्यायची की नाही याऐवजी किती दिवसांची द्यायची यावर बोलणं येतं.

‘पदवी तर घरपोच येते, तुम्ही गेलंच पाहिजे का?’ असंही कुणी विचारेल. खरं आहे, समारंभाला न जाताही पदवी मिळते आणि पुष्कळ विद्यापीठं कार्यक्रम इंटरनेटवर थेट दाखवतात. हे नाकारू नये. मुलीचं नाव पुकारलं जाताना सभागृहात असावं असं आईबापांना वाटतं, एवढं एका वाक्यात सांगितलं तरी पुरतं. पाहुण्यांसाठी प्रत्येक विद्यार्थ्याला बहुधा दोनच जागा मिळतात, त्या आईवडिलांच्या नावे घेतल्या आहेत हेही नमूद करावं.

आता दिवसांचा हिशोब. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. आपल्या अभियंत्यांनी शनिवार ११ आणि रविवार १२ जुलै ह्या सुट्ट्या रजेच्या आधी जोडून घेण्याची परवानगी मागायची, सोमवार १३ ते शुक्रवार २४ अशी अर्जित रजा मागायची, आणि २५-२६ चे शनिवार-रविवार रजेमागे जोडायचे. अर्जित रजा मोजताना मधले शनिवार-रविवार धरले जातात. म्हणजे १८ आणि १९ तारीख धरून खात्यातून १२ दिवस जातील, गैरहजेरी सोळा दिवसांची दिसेल आणि कामाचे दिवस बुडतील फक्त दहा. पत्रात हे ‘दहा’ ठळकपणे यायला हवेत, कारण साहेबांना तेवढ्याच दिवसांची सोय लावायची असते. पाळीच्या नोकरीत मात्र शनिवार-रविवारही मोकळे नसतात, म्हणून पूरनियंत्रण कक्षाच्या पाळ्यांचा तक्ता शेजारी ठेवून बघावं. त्या सोळा दिवसांत आपल्या वाट्याला येणाऱ्या प्रत्येक पाळीपुढे कोण बसणार त्या सहकाऱ्याचं नाव आणि त्याची सही घेऊन तो तक्ता अर्जाला जोडला, तर ‘योग्य ती व्यवस्था केली आहे’ या वाक्याला वजन येतं. त्याच्या बदल्यात ऑगस्टमधल्या कोणत्या पाळ्या आपण करणार तेही त्यातच लिहावं. परतीचं विमान शुक्रवारी रात्रीचं धरावं, म्हणजे शनिवारी मुंबई आणि रविवार हाताशी मोकळा. रविवारी रात्री उतरून सोमवारी साडेनऊला हजर व्हायचं ठरवलं की विमान चार तास लांबलं तरी रजा ओलांडते. मंजुरीविना ओलांडलेल्या दिवसांचा पगार जातो, आणि जाणूनबुजून गैरहजर राहिल्याचा शेरा बसला तर शिस्तभंगापर्यंत जातं.

या सगळ्यात लोक सर्वाधिक अडकतात ते व्हिसा आणि रजा यांच्या कात्रीत. कार्यालय म्हणतं, व्हिसा आल्यावर बघू. व्हिसासाठी मात्र कार्यालयाचं पत्र लागतं. ब्रिटनचा पर्यटक-भेटीचा व्हिसा प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी मागता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. ११ जुलैला निघायचं तर ११ एप्रिलच्या आधी अर्जच करता येत नाही. म्हणून कार्यालयातला अर्ज मार्चमध्येच द्यावा आणि त्यात स्पष्ट मागावं की व्हिसा मिळण्याच्या अधीन राहून रजा तत्त्वतः मंजूर करावी आणि परदेश प्रवासाला पूर्वपरवानगी द्यावी. ही दोन वेगळी कागदपत्रं आहेत, एक मिळालं म्हणजे दुसरं मिळालं असं नाही. पूर्वपरवानगी देणारा सक्षम अधिकारी पदानुसार बदलतो. फाईल वरच्या कार्यालयात जाणार असेल तर विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला, प्रवासाच्या तारखा, तिथला पत्ता आणि खर्च कोण करणार हे सगळं पहिल्याच वेळी लावावं. एका त्रुटीसाठी फाईल खाली आली की दोन-तीन आठवडे सहज जातात. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना एक आधार आहे. २०१५ च्या सूचनेप्रमाणे अर्ज मिळाल्यापासून २१ दिवसांत सक्षम अधिकाऱ्याने निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं धरता येतं. राज्याच्या कर्मचाऱ्याने हा नियम आपल्याला लागू आहे असं समजून विमानात बसू नये.

व्हिसा अधिकारी कार्यालयाच्या पत्रात काय पाहतो? मुलगी तिथे, दीर तिथे, मग हे दोघे परत कशाला येतील, हा त्याचा रास्त प्रश्न असतो. उत्तर नोकरीत असतं. म्हणून कार्यालयाच्या लेटरहेडवरच्या पत्रात पद, नेमणुकीची तारीख, पगार, मंजूर रजेचा कालावधी आणि कामावर परतण्याची तारीख हवी. पगाराचा आकडा पगारपत्रकाशी आणि बँकेत जमा होणाऱ्या रकमेशी जुळला पाहिजे. सोसायटीचा हप्ता, भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी कापून बँकेत कमी रक्कम दिसते. तेव्हा पत्रात एकूण आणि निव्वळ असे दोन्ही आकडे द्यायला लिपिकाला सांगावं. अर्जाच्या आठवड्यात नातेवाइकांकडून खात्यात तीन लाख भरून घेण्याची पद्धत तर सोडूनच द्यावी. मूळ न सांगता आलेली रक्कम हे व्हिसा नाकारण्याचं नेहमीचं कारण आहे. आणि तारखा! रजेच्या अर्जात २४ जुलै, व्हिसाच्या अर्जात ३० जुलै असं असेल तर दोन्हीकडे संशय येतो. तिकीट व्हिसा आल्यावरच काढावं.

खाजगी कंपनीत परवानगीचे टप्पे कमी असतात, तिथली अडचण वेगळी. साहेब प्रेमाने म्हणतात, ‘जा की, लॅपटॉप घेऊन जा.’ जानेवारी २०२४ अखेरपासून ब्रिटनमध्ये भेटीवर आलेल्यांना आपल्या देशातल्या नोकरीचं थोडंफार काम तिथून करायला मुभा आहे, मात्र ते भेटीचं मुख्य कारण असता कामा नये. तरी समारंभाच्या आठवड्यासाठी पूर्ण रजाच मागावी आणि काम करायचे दिवस असतील तर ते तारखांनिशी वेगळे लिहून घ्यावेत. कंपनीचा लॅपटॉप देशाबाहेर न्यायला माहिती-सुरक्षा विभागाची परवानगी लागते का हेही आधी विचारावं. ‘रजेवर आहे, पण उपलब्ध आहे’ या अवस्थेत रजाही कापली जाते आणि कामही होतं.

आपल्या अभियंत्यांकडे परत येऊ. समजा साहेबांनी १३ ते १९ एवढीच रजा दिली. तेवढ्यात समारंभ होतो, भावाकडे दोन रात्री मिळतात. पत्नीला मात्र २४ पर्यंत मुलीजवळ राहता येतं, कारण तिच्या रजेचा प्रश्न नाही. दोघांच्या परतीच्या तारखा वेगळ्या असल्या तर व्हिसाच्या अर्जांतही त्या वेगळ्या लिहाव्या लागतात. आणि व्हिसा नाकारला गेला, किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यातच धरणांतून विसर्ग वाढून साहेबांनी रजा मागे घेतली, तर रजा रद्द करण्याचा अर्ज १३ तारखेच्या आत देऊन त्याची पोच घ्यावी. तो दिला नाही आणि सोमवारी कामावर हजर असलो, तरी मंजुरीच्या आदेशावरून सेवापुस्तकात रजा मांडली जाते. ती नोंद दुरुस्त करून घ्यायला निवृत्तीच्या वेळी खेटे घालावे लागतात.