पातळ पत्र्याचा सांगाडा

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या मोशी-चाकण पट्ट्यात कारखान्याच्या शेडचे छत आतून पाहिले, तर पोलादाचे दोन प्रकार शेजारी दिसू शकतात. जाड तुळया आणि त्यांवर आडवे पातळ पर्लिन. बाजारातले चॅनेल-गर्डर लालबुंद तापवलेले पोलाद रोलांतून दाबून घडवतात. पर्लिन मात्र गॅल्व्हनाइज्ड पत्रा थंड असतानाच वाकवून बनतो. छोटे ऑफिस किंवा केबिन उभारायची, तर सारा सांगाडाच असा करता येतो.

200 मिलिमीटर उंचीचा तापवून घडवलेला चॅनेल मीटरला सुमारे 22 किलो भरतो. त्याच उंचीचा, 2 मिलिमीटर पत्र्याचा चॅनेल साधारण साडेपाच किलोचा. ताकदही अर्थातच कमी, म्हणून असे तुकडे जवळजवळ बसवतात.

खरा फरक मोडण्याच्या रीतीत आहे. जाड चॅनेल बहुधा पोलादाची ताकद संपेपर्यंत आकार टिकवतो. पातळ पत्रा त्याआधीच दाबाखाली लाटेसारखा फुगतो. हे लांबवण्यासाठी कडा आत दुमडून ओठ काढतात. वायर नेण्यासाठी तो ओठ कापणे ही साइटवरची महागडी चूक. भोक पाडायचे ते उभ्या पट्टीच्या मध्यावर, आराखड्यात दाखवले असेल तिथेच. कडेला डोळा लावून पाहिल्यास फुगवटा किंवा पीळ लगेच दिसतो.

जोडणी सेल्फ-ड्रिलिंग स्क्रूने होते. वेल्डिंगने पातळ पत्र्याला भोक पडू शकते आणि जस्ताचा थर जळून तिथे गंज धरतो. भारतात या तुकड्यांचे गणित आयएस 801 प्रमाणे करतात, जाड पोलादाचे आयएस 800 प्रमाणे.