फ्रान्सचं निमंत्रण: पत्रात काय हवं?

समजा, ल्योंची पंप बनवणारी कंपनी पुण्यातल्या वितरकाला बैठकीसाठी बोलावते आहे. ‘चर्चेसाठी या’ एवढ्या मजकुरावर व्हिसा अधिकाऱ्याचं समाधान होत नाही. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवं. त्यात पत्ता, १४ अंकी सिरेट हा नोंदणी क्रमांक आणि सही करणाऱ्याचं नाव व हुद्दा हवा. पाहुण्याचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक पासपोर्टाबरहुकूम लिहावा.

खरी गफलत तारखांत होते. पत्रात १० ते १४ जून आणि हॉटेल मात्र २० तारखेपर्यंत, असं असेल तर उरलेल्या सहा दिवसांचं काय, हा प्रश्न येणारच. ते दिवस पर्यटनाचे असतील, तर अर्जात तसं स्पष्ट सांगावं. खर्च कोण करणार, हेही पत्रात लिहावं आणि पुण्यातल्या कंपनीच्या पत्रातही तेच असावं.

उद्देश नेमका लिहावा: करारावर चर्चा, कारखान्याला भेट. पाहुणा तिथे यंत्र बसवणार असेल, तर ते काम ठरू शकतं आणि वेगळी परवानगी लागू शकते. पत्र म्हणजे व्हिसाची हमी नव्हे. अर्ज करण्यापूर्वी सगळी कागदपत्रं शेजारी ठेवून ताडून पाहा.