सहा जीबीमधली एकच फाइल

समजा, एखाद्या ग्रंथालयाने जुन्या मासिकांचा टाइप केलेला मजकूर `masik.7z` या एकाच फाइलमध्ये बांधून पाठवला आहे. फाइल ९०० एमबीची आहे, पण पूर्ण उघडली तर सहा जीबी होईल आणि लॅपटॉपवर जागा उरली आहे जेमतेम दोन जीबी. हवा आहे तो फक्त १९७८ चा दिवाळी अंक. अशा वेळी अनेक जण डिस्क रिकामी करायला बसतात. त्याची काहीच गरज नसते.

इगोर पावलोव्ह यांचा ७-झिप हा मोफत प्रोग्राम १९९९ पासून उपलब्ध आहे. तो स्वतःचा `.7z` प्रकार उघडतो, तसाच युजीन रोशाल यांनी काढलेला `.rar` प्रकारही उघडतो. आरएआर फाइल नव्याने तयार मात्र करू शकत नाही. फाइलवर राइट क्लिक करून ७-झिपच्या मेन्यूत `Open archive` निवडायचे. आतली यादी समोर येते आणि डिस्कवर तोवर काहीही उतरलेले नसते. यादीत `1978` हे फोल्डर उघडून हवी ती फाइल निवडायची, वरचे `Extract` बटण दाबायचे आणि ती कुठे ठेवायची ते सांगायचे. तेवढी एकच फाइल बाहेर येते.

यादीतल्या नावावर डबल क्लिक केले तरी फाइल उघडते, पण ती तात्पुरत्या फोल्डरमधली प्रत असते. तिच्यात दुरुस्त्या करत बसलात आणि मूळ फाइल आरएआर असेल, तर ७-झिप त्या दुरुस्त्या परत आत घालू शकत नाही. काम करायचे असेल तर आधी फाइल बाहेर काढलेलीच बरी.

कमांड लिहिण्याची सवय असलेल्यांना हेच काम असे करता येते:

```
7z l masik.7z
7z x masik.7z "1978\12-diwali.txt" -oD:\kadhlele
```

पहिली ओळ यादी दाखवते, दुसरी फाइल काढते. `-o` आणि फोल्डरचे नाव यांच्यात जागा सोडायची नाही. `x` ऐवजी `e` लिहिले तर आतले `1978` फोल्डर तयार होत नाही, फाइल थेट `kadhlele` मध्ये पडते.

आता लोकांना बुचकळ्यात टाकणारी गोष्ट. फाइल काही केबींची, तरी कधी ती निघायला मिनिटभर लागते. याचे कारण ‘सॉलिड’ पद्धतीत आहे. या पद्धतीत अनेक फाइली एकामागे एक जोडून त्यांचा सलग ब्लॉक केला जातो आणि तो एकत्र दाबला जातो. एका अंकात आलेले शब्द पुढच्या अंकात पुन्हा आले, की ते नव्याने न साठवता मागचा नुसता संदर्भ ठेवला जातो. आकार त्यामुळेच इतका घटतो. पण मग मधली फाइल वाचायची, तर तिच्याआधीचा ब्लॉकमधला सगळा मजकूर मेमरीत उलगडावा लागतो. तो डिस्कवर लिहिला जात नाही, त्यामुळे जागा वाचते. वेळ मात्र जातोच.

हे आधीच ओळखता येते. ७-झिपच्या यादीवर वर `Solid = +` आणि `Blocks = 3` असे दिसले, तर तीन सलग ब्लॉक आहेत. खिडकीत `Block` हा रकाना प्रत्येक फाइल कोणत्या ब्लॉकमध्ये आहे ते सांगतो आणि मोजणी शून्यापासून असते. आपल्या दिवाळी अंकासमोर `1` असेल तर तो दुसऱ्या ब्लॉकमध्ये आहे. म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या ब्लॉकला हात लावावा लागत नाही. दुसऱ्याच्या सुरुवातीपासून आपल्या फाइलपर्यंतच काम होते.

आरएआरमध्ये सॉलिड हा पर्याय बनवणाऱ्याने मुद्दाम निवडावा लागतो. ७-झिपमध्ये तो आपोआप लागू असतो. ज्याला पुढे एकेक फाइल काढायची आहे, त्याने बांधतानाच `-ms=off` द्यावे. जेपीईजी फोटो आधीच दाबलेले असतात, सॉलिड केल्याने त्यांचा आकार फारसा घटत नाही, म्हणून फोटोंसाठी तर हे नक्कीच करावे.

डाउनलोड अर्धवट राहिले तर दोन्ही प्रकारांची वागणूक वेगळी असते. `.7z` मध्ये आतल्या फाइलींची यादी बहुधा शेवटी असते आणि सुरुवातीच्या ३२ बाइटांत ती कुठे आहे तेवढे लिहिलेले असते. शेपूट तुटले की यादीच मिळत नाही आणि फाइल उघडतच नाही. आरएआरमध्ये प्रत्येक फाइलची माहिती तिच्या अगदी आधी असते, म्हणून तुटलेल्या आरएआरमधून सुरुवातीच्या फाइली अनेकदा निघतात. मध्येच बिघाड असेल तर `CRC failed` किंवा `Data error` दिसते. सॉलिड नसेल तर नुकसान त्या एका फाइलपुरते राहते, सॉलिड असेल तर त्या ब्लॉकमधल्या पुढच्या फाइलीही बहुधा जातात.

`masik.part1.rar`, `masik.part2.rar` असे तुकडे आले असतील तर सगळे एकाच फोल्डरमध्ये ठेवून पहिलाच उघडायचा. पासवर्ड असूनही बहुतेकदा यादी दिसते आणि पासवर्ड फाइल काढताना विचारला जातो. नावेही लपवलेली असतील, तर यादी पाहण्यासाठीच तो द्यावा लागतो.