कुपोषित बाळाच्या यकृतात चरबी कशी?

धडगाव-अक्कलकुव्याच्या पट्ट्यात कुपोषणाच्या सुजेचं बाळ आलं की दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबतात, खळगा राहिला तर ती खूण. अशा बाळाचं यकृत बऱ्याचदा चरबीनं भरलेलं असतं. पोटात तेल-तूप नाही, मग चरबी कुठली? ताटातली म्हणाल तर ती आतड्यात कायलोमायक्रॉन कणांत भरली जाते, लसिकेतून थेट रक्तात जाते आणि वाटेत बहुतांश स्नायू व मेदपेशींना मिळते. यकृतात साठते ती मुख्यतः अंगातल्या मेदातून सुटलेली आणि पिठूळ अन्नापासून यकृतानंच बनवलेली. ती बाहेर न्यायला व्हीएलडीएल कण लागतो, आणि एपोबी या प्रथिनाशिवाय तो कण बनत नाही. प्रथिनं तुटपुंजी, म्हणून चरबी अडकते, असं जुनं स्पष्टीकरण. एचडीएलचं काम उलट दिशेचं, पेशींतलं कोलेस्टेरॉल यकृताकडे आणण्याचं, त्यामुळे इथे त्याचा उपयोग नाही.

या स्पष्टीकरणाला रास्त आक्षेप आहे: जमैकात अशा मुलांमध्ये मोजलं तेव्हा एपोबीची निर्मिती घटलेली दिसली नाही. तरी मला वाहतुकीचा मुद्दा बाद वाटत नाही. प्रथिनाअभावी यकृतपेशीतली मायटोकॉन्ड्रिया चरबी नीट जाळत नाहीत. साठा वाढतो आणि नेहमीइतके कण निघूनही तो उपसला जात नाही. म्हणून निव्वळ पेज वाढवून भागत नाही. उपचारात आधी एफ-७५ हे दुधाचं मिश्रण थोडं थोडं देतात, त्यात १०० मिलीत प्रथिनं जेमतेम ०.९ ग्रॅम, बाळ सावरल्यावर एफ-१००, त्यात २.९ ग्रॅम.