ऑप-अँपच्या इन्व्हर्टिंग पिनला 'व्हर्च्युअल ग्राउंड' का म्हणतात?

डिप्लोमाला शिकणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने विचारलं, "पिन ग्राउंडला जोडलेलीच नाही, मग तिला ग्राउंड का म्हणायचं?" तुमच्याही घरात किंवा ओळखीत कुणी हे शिकत असेल, तर हे उत्तर उपयोगी पडेल.

आपण ७४१ हा ऑप-अँप घेऊ. पुरवठा +१५ आणि −१५ व्होल्ट. पिन ३ (नॉन-इन्व्हर्टिंग) सरळ ग्राउंडला जोडली. पिन २ (इन्व्हर्टिंग) ला १ किलोओहमच्या रोधकातून १ व्होल्ट इनपुट दिलं आणि आउटपुटपासून पिन २ पर्यंत १० किलोओहमचा फीडबॅक रोधक लावला.

ऑप-अँप दोन पिनांमधला फरक सुमारे २ लाख पट वाढवतो. पिन २ शून्याच्या वर सरकू लागली की आउटपुट खाली जातं आणि फीडबॅक रोधकातून तिला परत खाली ओढतं. इथे आउटपुट −१० व्होल्टवर स्थिरावतं. त्यासाठी पिनांमध्ये फरक किती लागला? १० भागिले २ लाख, म्हणजे ५० मायक्रोव्होल्ट. साधा मल्टिमीटर हे शून्यच दाखवतो. म्हणून 'ग्राउंड'.

मग 'व्हर्च्युअल' कशासाठी? खऱ्या ग्राउंडमध्ये प्रवाह उतरून जातो. इथे १ व्होल्ट भागिले १ किलोओहम, म्हणजे १ मिलिअँपिअर प्रवाह येतो. पण पिन २ जवळजवळ काहीच आत घेत नाही, त्यामुळे तो सगळा फीडबॅक रोधकातून पुढे जातो. तिथे १० व्होल्ट घटतात, म्हणूनच आउटपुट −१० येतं. थोडक्यात, व्होल्टेज ग्राउंडचं, पण प्रवाहाला तिथे वाट नाही. पिन २ खरोखरच वायरने ग्राउंडला जोडली तर प्रवाह तिथेच उतरेल आणि आउटपुटचा इनपुटशी संबंधच तुटेल.

मुलांना आलेखाच्या कागदावर दाखवा. डावं टोक १ घर वर, तिथून ११ घरं उजवीकडे दुसरं टोक १० घरं खाली. दोन्ही जोडणारी सरळ रेषा डावीकडून बरोबर पहिल्या घरावर शून्याला छेदते. तो बिंदू म्हणजे पिन २.

आता मर्यादा. इनपुट २ व्होल्ट केलं तर आउटपुट −२० व्हायला हवं, पण पुरवठाच १५ चा आहे. समजा ते −१३ ला अडकलं. मग दोन्ही रोधकांवर मिळून १५ व्होल्ट, प्रवाह सुमारे १.३६ मिलिअँपिअर आणि पिन २ वर सुमारे ०.६४ व्होल्ट. व्हर्च्युअल ग्राउंड संपलं!

त्यामुळे प्रॅक्टिकलमध्ये आउटपुट चुकीचं आलं तर आधी पिन २ मोजा. तिथे शून्य नसेल, तर आउटपुट अडकलंय किंवा फीडबॅकची वायर सुटलीये. आणि हो, पिन ३ ग्राउंडला नसेल तर पिन २ तिच्याच व्होल्टेजला जाईल, शून्याला नाही. तेव्हा तिला व्हर्च्युअल ग्राउंड म्हणायचं नाही.