ग्राहकांची यादी साफ करायला देताना

पाणी शुद्ध करणारी यंत्रं विकणाऱ्या आणि त्यांची सर्व्हिसिंग करणाऱ्या दुकानाकडे पाच-सहा वर्षांत काही हजार ग्राहकांची यादी साठते. नोंदी कधी मालकाने केलेल्या, कधी काउंटरवरच्या मुलाने, काही तर बिलबुकावरून नंतर उतरवलेल्या. एकच माणूस त्यात तीनदा सापडतो. फिल्टर बदलायची आठवण पाठवायची वेळ आली की निम्मे मेसेज भलतीकडे जातात, आणि मग यादी डेटा एंट्रीचं काम करणाऱ्या बाहेरच्या माणसाकडे साफ करायला दिली जाते.

बहुतेक वेळा पूर्ण एक्सेल फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर जशीच्या तशी जाते. तिच्यात नाव, मोबाइल, पत्ता, पिनकोड, मॉडेल आणि शेवटच्या सर्व्हिसची तारीख असते. शिवाय शेऱ्याचा रकाना असतो. ‘पैसे उशिरा देतात’, ‘घरी आजी एकट्याच असतात, दुपारी जावे’ असे शेरे मेकॅनिकच्या सोयीसाठी लिहिलेले असतात. फोन नंबर दुरुस्त करायला त्यांचा काडीचाही उपयोग नाही, आणि ते चुकीच्या हाती पडले तर त्या आजींना थेट धोका आहे. तो रकाना दुकानाबाहेर जाताच कामा नये.

ग्राहकाने नंबर दिला तो सर्व्हिससाठी. त्यामुळे प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचारावा लागतो: सर्व्हिसची आठवण योग्य घरी पोहोचवायला हा लागतो का? नंबर, नाव, पत्ता आणि पिनकोड लागतात. मॉडेल आणि तारखा दुकानातच राहू शकतात. प्रत्येक ओळीला एक ग्राहक क्रमांक दिला की साफ झालेली माहिती परत आल्यावर त्या क्रमांकावरून त्या पुन्हा जोडता येतात. हा क्रमांक नसेल आणि परत येताना ओळींचा क्रम बदलला, तर एकाची तारीख दुसऱ्याला चिकटते.

नंबर सांकेतिक अक्षरांत बदलून पाठवला की तो सुरक्षित झाला, असा एक समज आहे. भारतातले मोबाइल नंबर दहा अंकी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे शक्यता फार तर चारशे कोटी. साध्या संगणकावरही सगळ्या तपासून मूळ नंबर शोधता येतो. शिवाय अशा रूपातला नंबर दुरुस्तही करता येत नाही. त्यापेक्षा कमी रकाने देणं जास्त उपयोगाचं.

प्रत्यक्ष सफाईत आधी मोकळ्या जागा, आडव्या रेघा, सुरुवातीचं शून्य आणि ९१ काढून नंबर दहा अंकांवर आणतात. इथे एक्सेल घात करतं. ९१ लावलेला बारा अंकी नंबर ते `9.19812E+11` असा दाखवतं, आणि फाइल सीएसव्ही म्हणून जतन केली की शेवटचे अंक कायमचे जातात. यादीत अनेक नंबर सहा शून्यांनी संपत असतील, तर हेच घडलेलं असतं. असे नंबर अंदाजाने भरायचे नसतात. जुन्या बिलावरूनच ते परत मिळतात. म्हणून नंबरचा रकाना सुरुवातीपासून ‘टेक्स्ट’ ठेवावा आणि मूळ फाइलला हात लावू नये.

दुहेरी नोंदी एकत्र करणं हे सगळ्यांत नाजूक काम. ‘कुलकर्णी एस. व्ही.’ आणि ‘सुनीता कुलकर्णी’ यांचा नंबर एकच असला तरी त्या एकच व्यक्ती असतील असं नाही. घरातला एक फोन सासू-सुना दोघी देतात, आणि यंत्रं दोन वेगळ्या फ्लॅटमध्ये असू शकतात. नंबर आणि पत्ता दोन्ही जुळले तरच ओळी एकत्र कराव्यात. बाकीच्यांवर फक्त खूण करून निर्णय दुकानावर सोडावा. बंद झालेला नंबर किमान नव्वद दिवसांनी दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. त्यामुळे अचूक दहा अंकी नंबरही आता अनोळखी माणसाचा असू शकतो. पहिल्या मेसेजमध्ये म्हणूनच पत्ता किंवा थकबाकी लिहू नये.

याच टप्प्यावर सफाई करणारा कधीकधी आणखी काही देऊ करतो: महागड्या सोसायट्यांतले ग्राहक वेगळे काढणं, किंवा यादी दुसऱ्या विक्रेत्याच्या यादीशी जुळवून गाळलेले नंबर भरणं. यादी त्यामुळे जास्त कामाची दिसते. पण ग्राहकाला जे सांगितलं होतं त्यात हे बसत नाही. शिवाय दुसऱ्या विक्रेत्याचे ग्राहकही यात न विचारता ओढले जातात. ‘चालू नंबर आहे का’ हे पाहण्यासाठी सगळ्यांना फोन लावणंही सफाईच्या नावाखाली येऊ नये.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार काम दुसऱ्याला दिलं तरी जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्याचीच राहते, आणि काम वैध करारानेच द्यावं लागतं. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. दुकानांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. लहान कामासाठी एका पानाचा लेखी करारही चालतो. कोणते रकाने दिले, काम काय आणि कधीपर्यंत, पुढे कुणाला द्यायचं नाही, काम संपल्यावर फाइल कुठून-कुठून पुसायची, हे त्यात असावं. पासवर्ड लावलेली फाइल पाठवावी आणि पासवर्ड वेगळा, फोनवर सांगावा. परत आल्यावर वीस-तीस ओळी बिलांशी पडताळाव्यात. मग व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल, पेन ड्राइव्ह आणि लॅपटॉपच्या डाउनलोड्समधल्या प्रती पुसल्याची लेखी खात्री घेऊन मगच पैसे द्यावेत.