न उकळलेलं पाणी का उसळतं?

मायक्रोवेव्हमध्ये तापवलेल्या कपातलं पाणी कधी कधी अगदी निवांत दिसतं. बुडबुडे नाहीत, खळखळ नाही, वर फार तर थोडीशी वाफ. बघणाऱ्याला वाटतं, याला अजून उकळी यायची आहे. तो कप बाहेर काढून त्यात चमचाभर कॉफी टाकतो आणि त्याच क्षणी कपातलं बरंचसं पाणी भसकन उसळून हातावर, तोंडावर येतं. अशा पाण्यानं हात आणि चेहरा भाजल्याच्या तक्रारी आल्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मायक्रोवेव्ह वापरणाऱ्यांना याबद्दल मुद्दाम सावध केलं आहे. गंमत अशी की कप जितका स्वच्छ आणि गुळगुळीत, तितका हा धोका जास्त.

पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं हे आपण शाळेत शिकलेलो असतो. समुद्रसपाटीला 100 अंशांवर पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा होतो. म्हणजे त्या तापमानाला पाणी उकळू शकतं. ते उकळेलच असं मात्र नाही. उकळण्यासाठी पाण्याच्या पोटात वाफेचा बुडबुडा जन्मावा लागतो आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

पाण्याच्या पृष्ठभागाला एक ताण असतो. हा पृष्ठताण बुडबुड्याला चहूबाजूंनी आवळत राहतो, आणि बुडबुडा जितका लहान तितकी ही आवळण जास्त. फुगा फुगवताना पहिली फुंकर सगळ्यात जड जाते, तसंच हे. ज्या बुडबुड्याची त्रिज्या मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी आहे, त्याला टिकून राहायला पाणी साधारण 103 अंशांवर असावं लागतं. त्रिज्या मिलिमीटरचा हजारावा भाग असेल, तर सुमारे 123 अंश लागतात. अगदी शून्यातून बुडबुडा तयार व्हायचा तर याहून कितीतरी जास्त तापमान हवं. म्हणून रोजच्या व्यवहारात बुडबुडे शून्यातून जन्मत नाहीत. भांड्याच्या खाचेत, ओरखड्यात किंवा पाण्यातल्या एखाद्या कणाच्या भेगेत हवेचा सूक्ष्म कप्पा आधीच अडकलेला असतो. वाफ त्या तयार कप्प्यात शिरते, त्याला फुगवते आणि बुडबुडा सुटून वर जातो. मागे थोडी वाफ उरते, तिच्यातून पुढचा बुडबुडा निघतो. पातेल्याच्या तळाशी ठरावीक जागांवरूनच बुडबुड्यांच्या माळा निघताना दिसतात, त्या याच जागा.

गॅसवरच्या पातेल्याला दोन गोष्टींची मदत असते. रोज घासून घासून त्याच्या तळाला बारीक चरे पडलेले असतात, आणि तो तळ पाण्यापेक्षा जास्त गरम असतो. त्यामुळे पाणी सरासरी 100 अंशांना पोहोचायच्या आधीच तळाशी बुडबुडे सुरू होतात आणि जादा उष्णता वाफेबरोबर निघून जाते. मायक्रोवेव्हमध्ये चित्र उलटं असतं. तिथे लहरींची ऊर्जा थेट पाणी शोषून घेतं. काच किंवा चिनीमाती ती फारशी शोषत नाही, त्यामुळे कपाची भिंत आतल्या पाण्यापेक्षा थंडच राहते. भिंतीला चकचकीत काचेचा थर असेल, तर हवा अडकायला खाचाही नसतात. त्यात हेच पाणी आधी एकदा उकळून गार झालेलं असेल, तर त्यात विरघळलेली हवाही बरीचशी निघून गेलेली असते. बुडबुड्याला जागा नाही, पण उष्णता आत येतच आहे. मग पाणी मुकाट्यानं 100 अंश ओलांडतं. अशा पाण्याला अतितप्त पाणी म्हणतात.

हे ओलांडणं किती सहज घडतं, ते हिशेब करून पाहू. कपात पाव लिटर पाणी आहे, सुरुवातीचं तापमान 25 अंश आहे आणि पाण्यात दर सेकंदाला 800 जूल ऊर्जा उतरते आहे असं धरू. 100 अंश गाठायला या पाण्याला सुमारे 79,000 जूल लागतात, म्हणजे साधारण 100 सेकंद. आता टायमर तीन मिनिटांवर लावलेला असेल, तर उरलेल्या 80 सेकंदांची ऊर्जा कुठे जाणार? पाणी उकळत असतं तर ती वाफेत गेली असती. उकळत नसल्यामुळे तिचा काही भाग पृष्ठभागावरच्या बाष्पीभवनात जातो आणि उरलेला पाण्याचं तापमान चढवतो. पाच अंश चढायला फक्त 5,250 जूल पुरतात, म्हणजे जेमतेम सात सेकंदांची ऊर्जा. उष्णता वाया जाते हे जमेस धरून जास्त वेळ लागला, तरी टायमरवरचं एक जादा मिनिट त्याला पुरून उरतं.

समजा हा कप 105 अंशांवर बाहेर आला आणि त्यात कॉफीची पूड पडली. पुडीच्या प्रत्येक दाण्यात आणि दाण्यादाण्यांमध्ये हवा असते. म्हणजे एका चमच्यातून हजारो तयार कप्पे पाण्यात उतरतात आणि वाफ त्या सगळ्यांत एकदम शिरते. एकदा बुडबुडा वाढू लागला की त्याच्यावरची पृष्ठताणाची आवळण कमी होते, म्हणून तो आणखी वेगानं वाढतो. ही वाढ थांबते ती पाणी परत 100 अंशांवर आल्यावरच. तोवर जादाचे 5,250 जूल वाफ करण्यात खर्च होतात. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे 2,257 जूल लागतात, म्हणजे इथे साधारण 2.3 ग्रॅम वाफ तयार होते. पाण्याच्या मानानं ही वाफ एक टक्काही नाही. पण एक ग्रॅम वाफेला जवळपास 1.7 लिटर जागा लागते. त्यामुळे पाव लिटरच्या कपात, तळापासून वरपर्यंत, क्षणात जवळजवळ चार लिटर वाफ होते. ती बाहेर पडताना वरचं पाणी भिरकावून देते, आणि ते पाणी उकळत्या पाण्याइतकंच गरम असतं.

यात कॉफीची पाण्याशी कुठलीही रासायनिक क्रिया होत नाही. साखर, मीठ, चहाची पुरचुंडी, कोरडा चमचा, काहीही टाकलं तरी त्याबरोबर हवा आत जाते आणि तेच घडू शकतं. कधी कप उचलताना बसलेला धक्काही पुरतो. हिसक्यानं पृष्ठभाग हलतो, थोडी हवा पाण्यात ओढली जाते आणि आतलं जास्त गरम पाणी वर येतं. हे फक्त शुद्ध पाण्यातच होतं, हा समजही बरोबर नाही. कप पुरेसा गुळगुळीत असेल, तर साधं नळाचं पाणीही अतितप्त होतं.

हा प्रकार मायक्रोवेव्ह येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होता. अठराव्या शतकात जाँ-आंद्रे द ल्यूक या स्विस शास्त्रज्ञानं पाण्यातली हवा काढून टाकण्यासाठी पाण्याची कुपी चार आठवडे हलवत ठेवली होती. मग ते पाणी तापवल्यावर 112 अंशांपर्यंत गेलं, तरी उकळलं नाही. पुढे गे-ल्युसाक यांना दिसलं की काचेच्या भांड्यात पाणी धातूच्या भांड्यापेक्षा सुमारे एक अंश वर उकळतं. 1861 मध्ये लुई द्युफूर यांनी पाण्याचे थेंब तेलात तरंगत ठेवले. भांड्याची भिंतच नसल्यामुळे त्यांतले काही थेंब 178 अंशांपर्यंत द्रवरूप राहिले. उकळत्या पाण्याच्या या लहरीपणामुळे तापमापकावरची खूण कशी करायची, हा प्रश्न होता. 1777 मध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल सोसायटीच्या समितीनं शिफारस केली की तापमापकाचा फुगा पाण्यात न बुडवता वरच्या वाफेत धरावा, कारण वाफेचं तापमान पाण्याच्या मानानं स्थिर असतं.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केलेल्यांना यावरचा उपायही माहीत असतो. द्रव उकळायला ठेवण्यापूर्वी काचेच्या चंबूत कच्च्या चिनीमातीचे एक-दोन खडबडीत तुकडे टाकतात. त्यांच्या छिद्रांतल्या हवेमुळे बुडबुडे हळूहळू, सतत निघत राहतात आणि द्रव उसळत नाही. याबाबतचा सक्त नियम असा की हे तुकडे द्रव गार असतानाच टाकायचे. आधीच तापलेल्या द्रवात ते टाकणं म्हणजे स्वतःच स्फोट घडवून आणणं. आणि द्रव एकदा गार झाला की छिद्रांत तो शिरून बसतो, म्हणून पुन्हा तापवताना नवे तुकडे घ्यायचे.

स्वयंपाकघरात हाच नियम चालतो. कॉफी, साखर, चहापत्ती जे काही टाकायचं ते पाणी तापवण्याआधी टाकावं, किंवा कपात एक कोरडी लाकडी काडी उभी ठेवावी. आइस्क्रीमची काडी चालते, फक्त ती दर वेळी कोरडी हवी. भिजून राहिलेल्या काडीच्या छिद्रांत हवा उरत नाही. वेळ पाण्याच्या मापानं लावावी. मघाच्या हिशेबातल्या कपाला दोन मिनिटं पुरेत, एकाच घोटाएवढ्या पाण्याला त्याहून खूप कमी. एकदा तापून गार झालेलं पाणी तसंच पुन्हा तापवू नये, त्यात थोडं ताजं पाणी मिसळावं.

पाणी अतितप्त आहे की नाही हे नुसतं बघून ओळखता येत नाही, आणि त्यात तापमापक घालणं हेसुद्धा डिवचणंच. संशय घ्यायला एकच खूण पुरेशी आहे: एवढ्या वेळात या पाण्याला उकळी यायला हवी होती, पण बुडबुडे दिसत नाहीत, किंवा मधूनच एखादा मोठा बुडबुडा धप्पकन येऊन पुन्हा सगळं शांत होतं. अशा वेळी ‘अजून तापलं नाही’ म्हणून आणखी एक मिनिट लावणं ही सगळ्यात वाईट चूक. मायक्रोवेव्ह बंद करावा, दार उघडू नये, कपाला हात लावू नये. पृष्ठभागावरून वाफ जात राहते, थंड भिंत उष्णता ओढून घेते आणि काही मिनिटांत पाणी आपोआप 100 अंशांच्या खाली येतं. त्यानंतर लांब दांड्याचा चमचा, तोंड बाजूला ठेवून, त्यात बुडवावा. जादाची उष्णता निघून गेलेली असेल तर वाफ होण्यासाठी काही उरलेलंच नसतं, आणि मग कितीही ढवळलं तरी ते पाणी उसळत नाही.